पाण्यात घनता १९.३ आली, तरी टंगस्टनची शंका फिटत नाही

प्रश्न: "इंदूरमध्येच ओळखीच्यांकडून १० तोळ्यांचं जुनं बिस्कीट घेतोय. घरी काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून मोजलं. वजन ११६.६४ ग्रॅम, पाण्यात दोऱ्याने लटकवल्यावर ग्लासचं वजन ६.०३ ग्रॅमने वाढलं, म्हणजे घनता १९.३४. सराफ्यातल्या मशीनवर टंच ९९९ दाखवला. आता टंगस्टनची भीती सोडून द्यायची ना?"

नाही, इतक्यात सोडू नका. तुमची मोजण्याची पद्धत बरोबर आहे आणि आकडेही प्रामाणिक आहेत. पण त्या दोन चाचण्या मिळून जे सांगतात ते एवढंच: बिस्कीट पितळ, तांबं, शिसं किंवा चांदीवर मुलामा दिलेलं नाही, आणि त्याचा बाहेरचा थर चांगल्या सोन्याचा आहे. टंगस्टनचा गाभा असता तरी हे दोन्ही निकाल जवळपास असेच आले असते. किंबहुना पाणी उन्हाळ्यातलं असेल तर तुमचा ६.०३ हा आकडा किंचित चुकीच्या बाजूला पडतो.

आधी पाण्याचा हिशेब बघू. लटकवलेल्या वस्तूमुळे ग्लासचं वजन जेवढं वाढतं, तेवढ्या वजनाचं पाणी तिने बाजूला सारलेलं असतं. त्यावरून घनता काढताना बहुतेक लोक १ मिलिलिटर पाणी म्हणजे १ ग्रॅम असं धरतात, आणि तुम्हीही तेच धरलंय: ११६.६४ भागिले ६.०३ बरोबर १९.३४. पण पाणी ४ अंशांनाच १ ग्रॅमच्या जवळ असतं. १८ अंशांना ते ०.९९८६ असतं, ३२ अंशांना ०.९९५० आणि ३५ अंशांना ०.९९४०. म्हणून आलेल्या आकड्याला पाण्याच्या त्या वेळच्या घनतेने गुणावं लागतं.

तुम्ही पाण्याचं तापमान लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच अडतं. इंदूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी ३२ अंशांच्या खाली सहसा नसतं. ते धरलं तर १९.३४ गुणिले ०.९९५० म्हणजे १९.२५. जानेवारीतल्या सकाळी १८ अंशांच्या पाण्यात हाच ६.०३ आला असता, तर घनता १९.३२ निघाली असती. शुद्ध सोन्याची घनता १९.३२ आणि टंगस्टनची १९.२५. म्हणजे एकाच वाचनाचा अर्थ थंडीत सोनं आणि उन्हाळ्यात टंगस्टन असा निघतो. दोन्ही धातूंतला फरक जेमतेम ०.३६ टक्के आहे, आणि तापमान न मोजल्यामुळे होणारी चूक त्याहून मोठी असू शकते.

आता दुसरी बाजू, म्हणजे काटा किती बारीक वाचतो. ३२ अंशांच्या पाण्यात तुमचं बिस्कीट ९९९ टंचाचं असेल तर ते ६.०१ ग्रॅम पाणी सारेल. पूर्ण टंगस्टनचं असतं तर ६.०३ सारलं असतं. पण पूर्ण टंगस्टनचं कुणी बनवत नाही, बाहेर सोन्याचं जाड कवच असतं. समजा निम्मं सोनं आणि निम्मं टंगस्टन आहे, तर आकडा ६.०२ च्या आसपास येईल. ०.०१ ग्रॅम वाचणाऱ्या घरगुती काट्यावर ही सगळी गोष्ट एका-दोन अंकांत संपते, आणि असा काटा तेवढा तर स्वतःहूनही चुकतो.

मिलिग्रॅम वाचणारा काटा आणला, तरी दोरा आणि बुडबुडे छळतात. बिस्किटावरच्या ठशाच्या खोलगट अक्षरांत आणि सपाट बुडाखाली हवा अडकते. त्या हवेने पाणी जास्त सरतं, वाचन वाढतं आणि घनता कमी दिसते. शिवणाचा अर्धा मिलिमीटर जाडीचा दोरा ३ सेंटिमीटर बुडला तर तो एकटा ६ मिलिग्रॅम पाणी सारतो. आणि दोरा पाण्याच्या पृष्ठभागातून जिथे वर येतो तिथे पाणी त्याला धरून थोडं वर चढतं. दोरा ते पाणी पेलतो, म्हणून ग्लासचं वजन तेवढं कमी दिसतं. अर्ध्या मिलिमीटरच्या दोऱ्याला हा परिणाम १० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतो. निम्म्या टंगस्टनचा तुमच्या बिस्किटातला पूर्ण फरकही साधारण तेवढाच आहे.

तुमच्या जागी मी मोजणी अशी करीन. १ मिलिग्रॅम वाचणारा आणि ३०० ग्रॅमपर्यंत तोलणारा काटा घ्यायचा. सराफ्यातल्या पुष्कळ पेढ्यांवर तो असतो. पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्यायचं, बोरिंगचं नको, कारण विरघळलेल्या क्षारांनी पाणी जड होतं. ते उकळून, झाकून, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ठेवायचं म्हणजे त्यातली हवा निघून जाते. मग त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. बिस्कीट साबणाने धुऊन त्यावरचा हाताचा तेलकटपणा काढायचा, नाहीतर पाणी त्यावर नीट पसरत नाही आणि बुडबुडे चिकटून राहतात. दोऱ्याच्या जागी मासे पकडण्याच्या गळाची ०.१ किंवा ०.१५ मिलिमीटरची नायलॉन तार वापरायची. हलक्या प्लास्टिकच्या ग्लासात पाणी घेऊन आधी नुसती तार तितक्याच खोलीपर्यंत बुडवायची आणि काटा शून्यावर आणायचा, म्हणजे तारेचा बराचसा परिणाम तिथेच निघून जातो. मग बिस्कीट तिरकं करून पाण्यात सोडायचं, हळूच हलवून हवा झाडायची आणि ते तळाला किंवा कडेला टेकलेलं नाही हे वाकून बघायचं. तळाला टेकलं तर वाचन एकदम कित्येक ग्रॅमने उडतं, ते लगेच कळतं. पण कडेला नुसतं घासलं तर वाचन थोडंच बदलतं, आणि तीच चूक नजरेतून सुटते.

तापमान थर्मामीटरने मोजायचं, हात बुडवून अंदाज नको. पाच वेळा बाहेर काढून पुन्हा बुडवायचं. पाचही वाचनं ३-४ मिलिग्रॅमच्या आत असतील तरच त्या आकड्यावर बोलायचं. हातात आधी तपासलेली, खात्रीची ९९९ ची लगडी असेल तर तीही त्याच पाण्यात, त्याच तारेने मोजावी. मग तापमानाचा आणि क्षारांचा हिशेब करायची गरजच उरत नाही, दोघींचं गुणोत्तर पुरतं.

एवढं केल्यावर तुम्हाला १९.२५ आणि १९.३० यांतला फरक खरोखर दिसेल. पण त्यावरून टंगस्टन आहे की नाही हे तरीही सांगता येणार नाही. ही अडचण काट्याची नाही, सोन्याची आहे.

बाजारात बिस्कीट ९९९ टंचाचं असतं तसं ९९५ चंही असतं, आणि दोन्ही खरंच सोनं असतं. ९९५ मध्ये हजार भागांत ५ भाग चांदी असेल तर घनता १९.२४ येते. ते ५ भाग तांब्याचे असतील तर १९.२१. म्हणजे अस्सल, कायदेशीर, ९९५ टंचाचं सोनं टंगस्टनपेक्षाही हलकं असतं. साधारण ९९६ टंचाच्या, चांदी मिसळलेल्या सोन्याची घनता तर टंगस्टनच्या आकड्यावर नेमकी बसते. त्यातून ओतीव लगडीत थंड होताना बारीक पोकळ्या राहतात, त्या आकडा अजून थोडा खाली ओढतात. त्यामुळे १९.२५ आली म्हणून बिस्कीट खोटं म्हणता येत नाही, आणि १९.३० आली म्हणून आत काही नाही असंही म्हणता येत नाही. सोन्याचं कवच जाड ठेवून बनवणारा आकडा वर नेऊ शकतो.

हेच घनतेचं मोजमाप बाकीच्या नकलांना मात्र चांगलं पकडतं, म्हणून ते टाकून देऊ नका. शिशाची घनता ११.३४, चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६. यांतलं काहीही आत असेल तर आकडा इतका खाली येतो की साधा काटाही पुरतो. १० ग्रॅमचं ९९९ चं नाणं ३० अंशांच्या पाण्यात ०.५२ ग्रॅम पाणी सारतं. त्याच वजनाचं २२ कॅरेटचं नाणं ०.५६ सारतं. म्हणजे २२ कॅरेट २४ म्हणून खपवलेलं असेल तर तेही कळतं. आणि लहान नाण्यांत मुख्य धोका हाच आहे. टंगस्टन फार कठीण धातू आहे, त्यावर ठसा उमटत नाही, सगळी नक्षी वरच्या सोन्याच्या थरातच बसवावी लागते. ५-१० ग्रॅमच्या पातळ नाण्यासाठी तेवढी खटपट फारशी परवडत नाही. मोठ्या लगडीत ती परवडते. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये १० औंसांच्या बारमध्ये टंगस्टन सापडलं होतं. तुमचं १० तोळ्यांचं बिस्कीट त्याच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं आहे, म्हणजे ते या धोक्याच्या पट्ट्यात येतं.

आता मशीनच्या ९९९ बद्दल. सराफ्यातलं टंच काढायचं मशीन क्ष-किरण टाकून धातूतून परत येणारे किरण वाचतं. सोनं हे किरण इतक्या जोरात शोषून घेतं की मशीनला वरचे दहा-वीस मायक्रॉनच दिसतात, म्हणजे कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. कसोटीच्या दगडावरची रेघ आणि तेजाबही वरच्याच थराचं सांगतात. खरं तर पाणी ३२ अंशांचं होतं असं धरलं, तर तुमच्या दोन चाचण्या एकमेकींना थोड्या खटकतात. पृष्ठभाग ९९९ आहे तर घनता १९.३० च्या आसपास यायला हवी आणि काट्यावर ६.०१ दिसायला हवं होतं. तुम्हाला ६.०३ मिळालं. हे दोन अंक बुडबुड्याचे असू शकतात, काट्याचे असू शकतात, किंवा आतल्या धातूचे. कशाचे, ते घनता स्वतः सांगू शकत नाही.

म्हणून सोनं आणि टंगस्टन ज्या गुणात अगदी वेगळे आहेत तो गुण मोजायचा. त्यातला सगळ्यात सोयीचा म्हणजे ध्वनीचा वेग. सोन्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे ३,२४० मीटर जातो, टंगस्टनमधून सुमारे ५,२००. इथे फरक ६० टक्के आहे. हे मोजायचं यंत्र म्हणजे अल्ट्रासॉनिक जाडीमापक. पाइप आणि पत्र्याची जाडी बघायला कारखान्यांत ते वापरतात, त्यामुळे पीथमपूरच्या औद्योगिक भागात तपासणीची कामं करणाऱ्यांकडे ते मिळायला हवं. सराफ्यातही लगड्यांचा व्यवहार करणाऱ्यांकडे चौकशी करा.

यंत्रात वेग ३,२४० ठेवायचा, बिस्किटाच्या गुळगुळीत बाजूला जेलचा थेंब लावायचा आणि त्यावर प्रोब टेकवायचा. त्याच जागेची जाडी आधी व्हर्नियरने किंवा मायक्रोमीटरने मोजून घ्यायची. समजा व्हर्नियर ६ मिलिमीटर दाखवतो. बिस्कीट सगळं सोन्याचं असेल तर जाडीमापकही ६ च्या जवळ दाखवेल. आत ४ मिलिमीटर टंगस्टन आणि दोन्ही बाजूंना १-१ मिलिमीटर सोनं असेल तर ध्वनी मधला टप्पा झपाट्याने पार करतो, यंत्राला वाटतं धातू पातळ आहे, आणि ते साधारण ४.५ दाखवतं. सोनं आणि टंगस्टन एकमेकांना नीट चिकटलेले नसतील तर ध्वनी सांध्यावरूनच परततो आणि वाचन १ च्या आसपास येतं. दोन्ही निकाल इतके ठळक आहेत की दशांशावर वाद घालावा लागत नाही.

यातही काळजी घ्यायच्या दोन गोष्टी आहेत. कधी कधी लगडीत आरपार गाभा नसतो, बारीक भोकं पाडून त्यांत टंगस्टनच्या काड्या भरून वर सोनं ओतलेलं असतं. म्हणून एका जागी ६ दाखवलं म्हणून थांबू नका. बिस्किटावर मनात चौकटी आखा आणि प्रोबच्या रुंदीपेक्षा कमी अंतरावर, टोकांपर्यंत, ओळीने वाचनं घ्या. दुसरं म्हणजे जुन्या ओतीव बिस्किटाचे कण मोठे असतात, पृष्ठभाग खडबडीत असतो, आणि कधी यंत्राला प्रतिध्वनी सापडतच नाही. वाचन न येणं हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. तशा वेळी बाजू बदलून बघा, दुसऱ्या वारंवारतेचा प्रोब लावून बघा.

विजेच्या वाहकतेचीही यंत्रं असतात. सोनं टंगस्टनच्या साधारण अडीच पट वीज वाहतं, त्यामुळे तिथेही फरक मोठा आहे. पण यंत्र कोणत्या वारंवारतेवर चालतं हे विचारा. ६० किलोहर्ट्झला ते सोन्याच्या जेमतेम ०.३ मिलिमीटर आत बघतं, १ किलोहर्ट्झला सव्वादोन मिलिमीटरच्या पुढे. नाण्याला पहिलं चालून जातं, पण जाड कवचाच्या बिस्किटाला ते फसतं.

लोहचुंबक चिकटत नाही म्हणून समाधान मानू नका, कारण तो दोघांनाही चिकटत नाही. सोनं चुंबकाला अत्यंत हलकं ढकलतं आणि टंगस्टन अत्यंत हलकं ओढतं. मिलिग्रॅमच्या काट्यावर जाड थर्माकोलच्या ठोकळ्यावर बिस्कीट ठेवून वर जोरदार निओडिमियम चुंबक अगदी जवळ, पण न टेकवता, स्थिर धरला तर सोन्याचं वाचन काही मिलिग्रॅमने वाढतं आणि टंगस्टनचं कमी होतं. ठोकळा लागतो, कारण काट्याच्या पोटातल्या लोखंडाला चुंबक ओढतो. चुंबक हलवत असताना दिसलेला आकडा सोडून द्या, कारण हलत्या चुंबकाने सोन्यात वीज फिरते आणि तिचाही जोर लागतो. जाड कवचाखालचा गाभा यात लपू शकतो, म्हणून वाचन कमी झालं तर संशय पक्का धरा, वाढलं तर मात्र ध्वनीची चाचणी करायचीच.

शेवटचा आणि निर्विवाद उपाय म्हणजे वितळवणं. सोनं १,०६४ अंशांना वितळतं, टंगस्टन ३,४२२ अंशांना. सोनाराच्या मुशीत टंगस्टन वितळूच शकत नाही, आणि वितळलेल्या सोन्याची घनता १७.३ असल्यामुळे ते तरंगतही नाही, बुडाशी बसतं. ग्रॅफाइटच्या सळईने मूस ढवळली की तुकडा लागतो, आणि सोनं ओतल्यावर तो तळाला उरतो. नुसतं कोपऱ्याला छिन्नी मारून किंवा एक भोक पाडून बघणं पुरत नाही, ते फक्त तेवढीच जागा दाखवतं. अर्थात, वितळवल्यावर बिस्किटाचा मूळ ठसा जातो. कंपनीच्या सीलबंद पाकिटातल्या, बिलासह असलेल्या लगडीचं त्यात नुकसान आहे. सुट्या, जुन्या बिस्किटाचं फारसं नाही, कारण विकताना ते तसंही टंचावरच विकलं जातं.

म्हणून तुमच्या व्यवहारात मी क्रम असा ठेवीन. पाण्याची मोजणी थर्मामीटर लावून पुन्हा एकदा, फुकट आहे म्हणून. मग अल्ट्रासॉनिक, सगळ्या बिस्किटावर, आणि वाचनं कागदावर लिहून. सगळी व्हर्नियरशी जुळली तर घ्यायला हरकत नाही. एकही जागा खटकली, किंवा यंत्रच मिळालं नाही, तर विकणाऱ्यांना सरळ सांगा की सौदा सराफ्यात, तुमच्या दोघांच्या समोर वितळवून होईल. मुशीतून निघालेल्या लगडीचं वजन आणि टंच जेवढा भरेल, त्याचेच पैसे. ओळखीचे असले तरी हे आगाऊ रक्कम देण्याआधी बोला, आणि वितळवण्याची घट व मजुरी कोणाच्या खात्यात जाईल तेही त्याच वेळी ठरवून घ्या.